एकटीला प्रवेश नाही

माझी भावजय वर्षाराणी चिडली की आवाज चढवत नाही, भांडी आपटत नाही. ती जास्तच नीट बोलायला लागते. आमच्या घराण्यात चिडायचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून सांभाळते. त्यामुळे तिच्याबद्दल लिहायला मी बसले, तर हे लिखाण गोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वर्षाराणी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होती. राहायची रिसोडला आणि फिरायची कुठे कुठे. बरीच वर्षं तिचं काम मानोऱ्याकडच्या तांड्यांवर होतं. पहाटे घर सोडायची, एसटी, मग जीप, मग पायी. पोषण महिन्यात ती तांड्याच्या बायकांपुढे चूल मांडून पालेभाजीचे मुटके करून दाखवायची. शिकवायचा तिचा हात तिथे बसला. संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसून लसूण सोलायची, मेथी निवडायची. टरफलं पिशवीत, काड्या दुसऱ्या पिशवीत. कंडक्टर तिला जागा धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आज काय बेत हाय?" घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असायचे.

आणि घरी माझा धाकटा भाऊ मारोतराव टीव्हीसमोर बसलेला असायचा. तो शिक्षक. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. चारला शाळा सुटली की पाच मिनिटांत हा घरात. वर्षाराणी आली की मान न वळवता म्हणायचा, "आली का? भूक लागली बाप्पा."

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्याला स्वयंपाक येत नसेल. येत नसेल? आमच्या मारोतरावासारखी वांग्याची भाजी पंचक्रोशीत कोणाला जमत नाही! थंडीत शेताशेतांत, देवळादेवळांत रोडग्यांचे कार्यक्रम होतात. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात चुरायचे, सोबत वरण आणि तिखटजाळ भाजी. हे सगळं आमच्याकडे पुरुष करतात. बायका सतरंजीवर बसतात. मारोतराव बनियनवर उभा राहून हातभर लांब सराट्यानं तीनशे माणसांची भाजी हलवतो, आणि लोक म्हणतात, मास्तरचा हातच निराळा! तोच हात घरच्या उंबरठ्याच्या आत आला की लुळा पडतो. ह्याला मी रोग म्हणते. औषध मात्र कोणी शोधत नाही, कारण दुखणं रोग्याला नाही, बायकोला होतं.

दोघं निवृत्त झाले. मुलगी पुण्याला गेली. वर्षाराणी जरा आराम करील असं मला वाटलं होतं, पण तिच्या डोक्यात वेगळंच होतं. एसटीत तिनं वर्षानुवर्षं ज्या पोरी पाहिल्या, नर्स, शिक्षिका, बँकेतल्या, त्या तिच्या डोक्यातून जात नव्हत्या. आजकाल रिसोडच्या नव्या वसाहतीत घरटी दोघं नोकरीला आहेत. सोमवार ते शनिवार दोघं सारखेच थकून येतात आणि मग एक जण बसतो.

"ताई," ती मला म्हणाली, "मले क्लास काढायचा हाय. पण बायकांचा नाई. दोघांचा. जोडी आली तरच शिकवीन."

"काय शिकवशीन?"

"आठवड्याच्या दिवसाचा सैपाक. रविवारी काय तयार करून ठेवायचं, संध्याकाळी कोणी काय आधी घ्यायचं. एकानं कुकर लावला की दुसऱ्यानं कणीक भिजवायची. कणीक मुरते तवर भाजी फोडणीले. मग एक लाटते, एक भाजते. चार हात चालले तं वरण-भात-भाजी-पोळी पाऊण तासात टेबलावर. भांडे धुण्यासकट सांगीन, नाईतर लोकं भांडे मोजतच नाईत."

मला ते फार आवडलं. तिनं आधी एक चाचणी वर्ग ठेवायचं ठरवलं, रविवारी सकाळी दहाला, तिच्या अंगणात, फुकट. लोकांनी बघावं, पटलं तर पुढचा महिना यावं. आणि शिकवणार कोण? ती आणि मारोतराव, दोघं. "मी एकटीनं दोघांचा सैपाक शिकवला तं लोकं हसतीन," ती म्हणाली. मारोतरावानं मान हलवली. त्याची मान कशालाही हलते, मन हललंय की नाही ते नंतर कळतं.

जाहिरात माझ्या मुलाकडे दिली. हर्षलचं चौकात दुकान आहे. पूर्वी फ्लेक्स छापायचा, आता दुकानदारांची इन्स्टाग्रामची पानं सांभाळतो. रिसोडमधलं सगळ्यात चालणारं पान त्याच्याच हातात आहे. वर्षाराणी मजकूर लिहून घेऊन गेली, मीही सोबत होते. तिनं सुरुवात केली होती, "कळविण्यास अत्यंत आनंद होतो की."

हर्षल म्हणाला, "मामी, हे लग्नपत्रिकेले ठीक हाय. फोटोखाली पयल्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचं वाचाले लोकायले दाबा लागते. पयल्या ओळीत माणूस थांबला तं थांबला, नाईतर बोट पुढं गेलं."

वर्षाराणीनं कागद पालटला आणि तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. ते असं होतं:

"दोघंही सातला थकून घरी येता. मग स्वयंपाक एकटीचाच का?

नोकरी करणाऱ्या जोडप्यांसाठी चाचणी वर्ग. चार हात, पाऊण तास, पूर्ण जेवण. कापणं, मळणं, भांडी धरून.

शिकवणार : वर्षाराणी आणि मारोतराव.

रविवारी सकाळी दहा, शिक्षक वसाहत, रिसोड. येताना दोघांनी यायचं. एकटीला प्रवेश नाही, एकट्यालाही नाही. नावं व्हॉट्सअॅपवर कळवा."

हर्षलनं वाचलं आणि म्हणाला, "एक नंबर!" मलाही वाटलं, एवढ्याशा जागेत बाईनं आपली सगळी नोकरी लिहिली. तिला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा होता, दोघं. तो नसेल तर क्लास काढायचाच नव्हता. स्वयंपाक शिकवणारे मोबाईलमध्ये पैशाला पासरी आहेत.

मग ती कामरगावला माहेरी गेली, भाच्याचा साखरपुडा होता. शनिवारी रात्री परतली. इन्स्टाग्राम तिच्या फोनमध्ये नाही. हर्षलनं फोनवर एवढंच सांगितलं की नावं भराभर आली, जागा भरली. ती इतकी खूश झाली की रात्रीच दोन पोळपाट, दोन लाटणी, दोन विळ्या अंगणातल्या टेबलावर मांडून ठेवल्या. एक बाजू तिची, एक मारोतरावाची.

रविवारी सकाळी मी मदतीला गेले, तर मारोतराव घरात नाही.

"शेतात रोडग्याचा कार्यक्रम हाय म्हणे," वर्षाराणी म्हणाली. "दहाच्या आत येतो म्हणून गेले."

रोडगे भाजून दहाच्या आत कोणी परत आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. पण मी गप्प बसले. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

दहाला बायका आल्या. फक्त बायका. छान साड्या नेसलेल्या, काही ड्रेसमध्ये, हातात वह्या. नवरेही आले होते, पण फाटकापर्यंत. बायकोला उतरवून मोटारसायकली स्टँडवर लावून तिथेच मोबाईल काढून बसले. वर्षाराणी फाटकाशी गेली आणि अगदी नीट म्हणाली, "या ना, आत या."

"नाई नाई, आमचं काय काम?" एक जण म्हणाला. तो गणेश, ग्रामसेवक. त्याची बायको निकिता आरोग्य केंद्रात नर्स आहे. "आमी इथंच बरे."

वर्षाराणी निकिताला म्हणाली, "जाहिरात वाचली नाई का तुमी? दोघांनी यायचं होतं."

निकिता गोंधळली. तिनं फोन काढून दाखवला आणि वाचूनही दाखवलं, कारण वर्षाराणीचा चष्मा आत होता.

"नोकरी करूनही सुगरण व्हायचंय? आता नवराही खूश, सासूही खूश! फक्त तीस मिनिटांत झटपट चविष्ट स्वयंपाक! वर्किंग लेडीजसाठी खास चाचणी वर्ग. शिकवणार : सौ. वर्षाराणीताई."

वर चित्र होतं. एका बाईला दहा हात. एका हातात लॅपटॉप, एकात झारा, एकात बाळ, एकात केरसुणी. आणि बाई हसत होती!

माझं डोकं फिरलं. वर्षाराणीनं दोघांचे मिळून चार हात मागितले होते, तर ह्यांनी एकटीलाच दहा देऊन टाकले. वर तीस मिनिटं! आणि कापायचं, निवडायचं, मळायचं कोण करून ठेवणार होतं तीस मिनिटांच्या आधी? ती दहा हातवालीच ना!

मी हर्षलला फोन लावला. तो आला तो मान खाली घालूनच.

"कोणाले इचारून बदललं?" मी विचारलं.

"आई, मामा आल्ते दुकानात." तो वर्षाराणीकडे न बघता बोलत होता. "म्हणे माह्यं नाव काढ. चौकात लोकं हसून राह्यले म्हणे, मास्तर आता पोळ्या शिकवते. म्हणे ते दोघं-बिघं काढ, बायकांचा क्लास म्हणून टाक. मी म्हटलं मामीले इचारा, तं म्हणे मी सांगतो तिले."

"आन तू काढलं."

"घरचं होतं. मले वाटलं त्यायचं ठरलं असन."

घरचं होतं! म्हणजे बाईचा शब्द तिच्या मागे पुसायचा असेल तर घरच्या पुरुषानं सांगितलं की पुरे. दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाचा मजकूर हर्षल त्याला न विचारता बदलत नाही, मला माहीत आहे. एका मोबाईलच्या दुकानवाल्यानं चुकीचं लिहून दिलं होतं तेव्हा तीन वेळा फोन केला होता त्यानं. मी हे त्याला सगळ्या बायकांसमोर सुनावलं. बाहेर मोटारसायकलींवरची डोकी वर झाली.

वर्षाराणीनं आतून चष्मा आणला, तो मजकूर स्वतः एकदा वाचला आणि फोन निकिताला परत दिला. मग टेबलामागे आपल्या बाजूला उभी राहिली.

"बसा," ती बायकांना म्हणाली. "हा धडा दोघांचा हाय. दुसरा माणूस आला नाई. तरी मी तुमाले करून दाखवते, एकटीनं. घड्याळ लावा."

तिनं कुकर लावला. दोन डब्यांत वरण-भात. मग कणीक घेतली. कणीक मळता मळता कोणाला काही सांगितलं नाही. हात धुतले, मेथी निवडायला घेतली. शिट्टी झाली, उठून गॅस बारीक केला, परत मेथी. मेथी धुतली, चिरली, कांदा चिरला, लसूण ठेचला. भाजी फोडणीला टाकली. मग एक पोळी लाटायची, तव्यावर टाकायची, दुसरी लाटायला घ्यायची, तेवढ्यात पहिली करपायची, ती उलटायची, भाजी हलवायची. बाजूचा दुसरा पोळपाट कोरा. त्यावर पिठाचा कणही नव्हता.

बायका वह्या उघडून बसल्या होत्या, पण कोणी काही लिहीत नव्हतं. तीस मिनिटं झाली तेव्हा निकितानं सांगितलं. तव्यावर तिसरी पोळी होती, भाजी कच्ची होती, वरणाला फोडणी व्हायची होती आणि मोरीत भांड्यांचा ढीग होता.

वर्षाराणीनं गॅस बंद केला.

"हे तुमाले येते," ती म्हणाली. "हे तुमी रोज करता. हे माह्याकून शिकाचं काही काम नाई."

एक बाई हुंदका देऊन हसली की रडली, मला कळलं नाही. निकिता उठली आणि फाटकाकडे बघत राहिली. गणेशनं हातानंच विचारलं, झालं का?

मग वर्षाराणी हर्षलला म्हणाली, "मोबाईल काढ. ह्या पोळपाटाचा फोटो घे. कोऱ्या पोळपाटाचा. आता मी सांगते तसं लिही, अन् लिहून झालं का मले वाचून दाखव, अन् माह्यासमोर टाक."

तिनं सांगितलं ते असं:

"मारोतराव तीनशे माणसांची वांग्याची भाजी एकटे करतात. घरी चार पोळ्या भाजायची मात्र त्यांना लाज वाटते. हा पोळपाट त्यांचा आहे.

रोडग्याला सराटा धरणाऱ्यांनो, तुमच्याही घरी असा एक पोळपाट कोरा आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला चाचणी वर्ग, फक्त नोकरदार नवऱ्यांसाठी. आठवड्याच्या संध्याकाळचा साधा स्वयंपाक. साहित्य मांडून ठेवलेलं मिळणार नाही, ज्याचं त्यानं काढायचं.

बायकांनी सोबत यावं. बसायला खुर्च्या आहेत."

हर्षलचं बोट थांबलं. "मामी, मामाचं नाव..."

"टाक," मी म्हणाले. माझा आवाज फाटकापलीकडे गेला असणार.

दुपारनंतर मारोतराव आला. अंगाला धुराचा वास, हातात डबा, डब्यात रोडगे आणि भाजी. बायकोसाठी आणलं होतं, एवढी माया त्याला आहे, ती मी नाकारत नाही. पण चेहरा उतरलेला. शेतातच कोणीतरी फोन दाखवला होता.

"काहून वं असं केलं?" तो दारातूनच म्हणाला. "गावात माही इज्जत काही ठेवतंस का नाई? माह्यं नाव काढ आधी."

वर्षाराणी मोरीवर भांडी घासत होती. "तुमी 'दोघं' हा शब्द काढला," ती म्हणाली, "मी एकाचं नाव ठेवलं. तेबी काढू?"

तो माझ्याकडे वळला. मोठी बहीण म्हणून काहीतरी मिळेल असं वाटलं असेल. मी म्हणाले, "मारोत्या, देवळात तू बनियनवर उभा राह्यतो तवा तुही इज्जत कुठं जाते रे? तवा तं फोटो काढून घेतोस!"

"ते येगळं हाय, ताई. तो कार्यक्रम असते."

"हो, कार्यक्रमच असते. वर्षातून चारदा करते त्याचा कार्यक्रम, अन् रोज करते तिचं काय? तिचं काम!"

तो आतल्या खोलीत जाऊन झोपला. आठवडाभर दोघांत फार बोलणं नव्हतं. डब्यातली भाजी मात्र वर्षाराणीनं खाल्ली आणि चांगली झाली होती असं मला सांगितलंही. मला तिचा रागच आला. मी असते तर डबा तसाच परत ठेवला असता.

मजकूर मात्र गावभर फिरला. काहींनी शिव्या दिल्या, की बाई नवऱ्याची अब्रू काढते. काहींनी हसणारी तोंडं टाकली. आणि बऱ्याच बायकांनी खाली आपल्या नवऱ्याचं नाव लिहिलं, नुसतं नाव, पुढे काही नाही.

पुढच्या रविवारी नवरे आले. काही खरंच शिकायला, काही मारोतरावाची गंमत बघायला. गणेशला निकितानं हाताला धरून आत आणलं. बायका खुर्च्यांवर बसल्या. सुरुवातीला त्यांना बसताच येईना. एक उठून कणकेचा डबा काढून द्यायला निघाली, तर वर्षाराणीनं तिला खांद्याला धरून परत बसवलं.

ह्या वेळी वर्ग तिच्या स्वयंपाकघरात होता. नवरे आळीपाळीनं आत जात होते. मारोतराव आतल्या खोलीत पेपर धरून बसला होता. पेपर बराच वेळ एकाच पानावर होता. वर्षाराणीनं त्याला हाक मारली नाही.

गणेशनं तेल तापत ठेवलं आणि मोहरी शोधत फिरू लागला. तेलाला धूर यायला लागला. मारोतराव पेपर टाकून उठला.

"अरे, जाळून राह्यला ना बाप्पा! सरक."

त्यानं गॅस बारीक केला, कढई उतरवली, परत ठेवली. गणेशच्या हाती तोवर लागलेली डबी घेऊन मोहरी टाकली, तडतडू दिली, लसूण, मिरची, आणि चिरलेली वांगी अशी काही टाकली की तेलाचा आवाज बाहेर खुर्च्यांपर्यंत आला. झारा त्याच्या हातात आला आणि तो एकदम मास्तर झाला. "वांगं आधी तेलात परतायचं. पाणी मागून. झाकण ठेवायचं. हात असा फिरवायचा, बुडापासून." सगळे बघत होते. निकितासुद्धा खुर्चीवरून उठून दारात आली. मी कबूल करते, मलाही त्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याचा लगेच राग आला.

त्यानं झाकण काढलं, वास घेतला आणि मागे न बघता हात पुढे केला.

"मीठ दे वं."

वर्षाराणी दाराशी भिंतीला टेकून उभी होती. ती हलली नाही. त्यानं वळून पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, डब्यांच्या रांगेकडे पाहिलं, एक डबा उघडला, त्यात साखर निघाली. दुसऱ्यात पोहे. ह्या घरात तो बत्तीस वर्षं जेवला होता.

"मीठ कुठं ठेवतंस?" त्यानं विचारलं.

गंमत बघायला आलेले नवरेही हसले नाहीत. त्यांच्यातल्या एकालाही आपल्या घरचं मीठ कुठं आहे ते माहीत नव्हतं, आणि ते खुर्च्यांवरच्या बायकांना माहीत होतं.

वर्षाराणी अगदी नीट आवाजात म्हणाली, "शोधा. घर तुमचंच हाय."